जर्मनीतल्या पार्किंगच्या पाटीचा फोटो कसा वाचायचा

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि आमच्या आर्वी-कारंज्याकडच्या खेड्यांतही जर्मनच्या क्लासला जाणारी पोरं दिसू लागली. त्याआधी गेलेलेही काही जण आहेतच. तिकडं नोकरी लागली की वर्षा-दोन वर्षांत एखादी जुनी गाडी घेतली जाते. (भारतीय लायसन्स तिकडं राहायला गेल्यावर सहाच महिने चालतं, पण तो वेगळा विषय.) आणि मग इकडं आपण कापसात असताना व्हॉट्सॲपवर फोटो येतो. एक खांब, खांबावर एकाखाली एक तीन-चार पाट्या आणि खाली एक ओळ: "भाऊ, अठी गाडी लावू का?"

मी श्टुटगार्टात काही वर्षं पार्सलची व्हॅन चालवली, त्यामुळं हे फोटो माझ्याकडं वळतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. जाणाऱ्या पोरांसाठी तर आहेच, पण इकडं बसून फोटो बघणाऱ्या भावांसाठी आणि बापांसाठीही आहे. रस्त्याकडेची साधी पार्किंगची पाटी घेऊ, आणि जर्मनीपुरतंच बोलू. शेजारच्या देशात गेलात की नियम आणि दंड दोन्ही बदलतात.

आधी फोटो नीट मागा

बहुतेक जण फक्त पाटीचा जवळून फोटो काढतात. त्यावरून अर्धंच कळतं. दोन फोटो लागतात. पहिल्यात खांब वरपासून खालपर्यंत पूर्ण हवा, एकही पाटी कापली जाता कामा नये. दुसरा रस्त्याच्या पलीकडून काढलेला हवा, त्यात खांब, गाडी आणि रस्त्याची कड एकत्र दिसली पाहिजे. हा दुसरा फोटो कशाला, ते बाणाच्या जागी सांगतो. अक्षरं बारीक असतील तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि ८ चा ३ दिसायला लागतो.

मग घड्याळ. तुमच्या फोनवर मेसेजची जी वेळ दिसते ती भारतातली. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागं असते. त्यांचा उन्हाळा मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपतो. म्हणजे दसऱ्याच्या सुमारास आलेला फोटो आणि दिवाळी उलटून गेल्यावर आलेला फोटो यांचा हिशेब एक तासानं वेगळा निघू शकतो. पाटीवर वेळेची मर्यादा असते तेव्हा हा एक तास म्हणजे सरळ दंडाचा तास. म्हणून मी पोराला नेहमी विचारतो, "तुया घड्याळात किती वाजले?" आणि पुढचं सगळं त्याच घड्याळानं मोजतो.

कोणती ओळ कोणत्या पाटीची

ऑक्टोबरातल्या एका शनिवारचं उदाहरण घेतो. शेजारच्या काकूंच्या मुलाचा फोटो आला, श्टुटगार्टातल्या एका राहत्या गल्लीतला. खांबावर वरून खाली असं होतं:

```
(गोल निळी पाटी, लाल काठ, एक तिरकी लाल रेघ)
Do 7-11 h

(चौकोनी निळी पाटी, पांढरा P)
(चकतीचं चित्र) 2 Std.
werktags 8-18 h
Bewohner mit Parkausweis Nr. 3 frei
```

मित्राच्या घरी जेवायला जायचं होतं. पोहोचला तेव्हा तिकडं सकाळचे ११ वाजून ४० मिनिटं झाली होती, इकडं दुपारचे ३ वाजून १० मिनिटं. साडेचारपर्यंत बसणार होता.

पहिला नियम असा, की पांढऱ्या जोडपाटीवर लिहिलेलं तिच्या लगेच वर असलेल्या मुख्य पाटीला लागतं. खांबावरच्या सगळ्या पाट्यांना ते लागत नाही. मुख्य पाट्या म्हणजे त्या रंगीत, गोल किंवा चौकोनी. जोडपाट्या म्हणजे त्यांच्या खालच्या पांढऱ्या, काळ्या अक्षरांच्या. म्हणजे फोटोतला खांब आधी गठ्ठ्यांत तोडायचा. इथं दोन गठ्ठे आहेत. वरच्या गोल पाटीला फक्त सकाळची ७ ते ११ ही वेळ लागते. खालच्या P ला चकती, दोन तास, ८ ते १८ आणि रहिवाशांची ओळ लागते. हे न केल्यानं दोन्ही वेळा एकत्र करून "सातपासून सहापर्यंत बंद" असा उलटा अर्थ काढणारे मी पाहिले आहेत.

वारांची अक्षरं अशी:

```
Mo सोम   Di मंगळ   Mi बुध   Do गुरू
Fr शुक्र   Sa शनि   So रवि
```

मंगळवार आणि गुरुवारात एकाच अक्षराचा फरक आहे, शनिवार-रविवारातही तसंच. फोटो हललेला असेल तर इथंच चूक होते, म्हणून वाराचं अक्षर मोठं करून बघायचं. घड्याळ चोवीस तासांचं असतं आणि शेवटचं h म्हणजे वाजता.

वरच्या गठ्ठ्यात गुरुवार आहे आणि आपण शनिवारी बघतोय, म्हणून तो बाजूला ठेवता येतो. तरी ती गोल पाटी ओळखून ठेवा, कारण ती पुन्हा पुन्हा भेटते. निळ्या गोलावर एकच तिरकी लाल रेघ असेल तर तिथं पार्किंग बंद, पण थोडं थांबायला चालतं. दोन रेघांची फुली असेल तर थांबायलाही बंद. थांबणं आणि पार्किंग यातली रेषा कायद्यानं आखलेली आहे: ड्रायव्हर गाडी सोडून गेला किंवा तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबला, की ते पार्किंग झालं. एका रेघेच्या पाटीखाली कुणाला उतरवता येतं, पोतं-डबा काढता येतो, आणि ते काम खरोखर चालू असेल तर तीन मिनिटांच्या वर गेलं तरी चालतं. पण "दोनच मिनिटांत येतो" म्हणून गाडी सोडून वर तिसऱ्या मजल्यावर गेलात तर पहिल्या मिनिटापासून पार्किंग धरलं जाऊ शकतं. मागचे दिवे लुकलुकत ठेवल्यानं काही फरक पडत नाही. आपल्याकडं बाजारात चालतं, तिकडं नाही.

शनिवार कामाचा वार आहे

आता खालचा गठ्ठा. P म्हणजे पार्किंगची जागा. तिच्या खाली वेर्कटाग्स ८ ते १८ आहे. याचं भाषांतर कुठंही बघितलं तर "कामाचे दिवस" येतं, आणि आपला मुलगा लगेच म्हणाला, "मंग आज शनवार, आज सुट्टी हाय ना." त्याच्या कारखान्याला सुट्टी होती हे खरं. पण जर्मन रस्त्यावर वेर्कटाग्स म्हणजे सोमवार ते शनिवार. रविवार आणि सरकारी सुट्ट्या सोडून बाकी सगळे दिवस त्यात येतात. ऑफिसं शनिवारी बंद असली तरी दुकानं चालू असतात, आणि ही पाटी मुळात दुकानांत येणाऱ्यांना जागा मिळावी म्हणून लावलेली असते. शनिवारी पाटी लागू नाही असं समजून लावलेल्या गाड्यांवर तिकडं भरपूर पावत्या फाटतात.

याच्या जागी मो ते झा, म्हणजे सोम ते शनि अशी वारांची नावं लिहिलेली असतील, तर थोडा वेगळा हिशेब आहे. वार लिहिलेला असला की त्या वारी सुट्टी आली तरी पाटी लागू धरायची. वेर्कटाग्स लिहिलेलं असलं तर सुट्टीच्या दिवशी ती लागू नाही. आणि सुट्ट्या राज्यागणिक वेगळ्या असतात. १ नोव्हेंबरला बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये सुट्टी असते, बर्लिनमध्ये नसते. त्यामुळं श्टुटगार्टात वेर्कटाग्सच्या पाटीखाली त्या दिवशी गाडी निवांत राहील, बर्लिनमध्ये तशाच पाटीखाली नाही. कंपनीच्या सुट्टीच्या यादीवर जाऊ नका, राज्याची यादी बघा.

मग शनिवार, ११ वाजून ४० मिनिटं, पाटी लागू. मर्यादा दोन तास. १८ वाजल्यानंतर सकाळी ८ पर्यंत, आणि रविवारी दिवसभर, ही मर्यादा उरत नाही.

निळी चकती

दोन तास कधीपासून मोजायचे ते चकतीवर ठरतं. ही पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची निळी तबकडी, मधे फिरणारं घड्याळ असलेली. जर्मनमध्ये पार्कशाइबे म्हणतात. पेट्रोल पंपावर, दुकानात, कुठंही मिळते. बऱ्याच ठिकाणी जाहिरात छापून फुकट वाटतात. पण रंग निळाच आणि ठरलेल्या आकाराचीच लागते. गुलाबी, गोंडस चित्राची घेतली तर नसल्यासारखीच. पुढच्या काचेआड डॅशबोर्डवर ठेवावी, बाहेरून नीट वाचता आली पाहिजे.

चकती किती वाजता लावायची याचा नियम आपल्या बाजूचा आहे. गाडी थांबवल्यावर येणारा पुढचा अर्धा तास लावायचा. ११:४० ला आलात तर १२:०० लावायचे, आणि दोन तास तिथून पुढं, म्हणजे १४:०० पर्यंत. वीस मिनिटं फुकट मिळाली. नवखी पोरं प्रामाणिकपणे ११:४० वर काटा ठेवतात आणि स्वतःचेच मिनिट घालवतात. उलट काही हुशार लोक काटा तासभर पुढं ढकलतात. निरीक्षकाला दुपारी १२ वाजता एकचा काटा दिसला की त्याला आणखी काही शोधावं लागत नाही.

दोन तास संपत आले की खाली येऊन काटा पुढं फिरवायचा, हा विचार सगळ्यांच्याच मनात येतो. तो चालत नाही. मर्यादा गाडीच्या त्या जागी उभं राहण्याला आहे, काट्याला नाही. गाडी खरोखर काढून रस्त्याला लागायला हवी. परत आल्यावर जागा मोकळी असेल तर नव्यानं लावता येते. निरीक्षक चाकाच्या झडपेची जागा टिपून ठेवतात, त्यामुळं गाडी हललीच नाही हे त्यांना कळतं. आपोआप पुढं सरकणारी मोटरवाली चकती मिळते, ती वापरणं तर उघड फसवणूकच.

काकूंच्या मुलाला १४:०० पर्यंतच मुभा होती, आणि त्याला १६:३० पर्यंत बसायचं होतं. म्हणजे अडीच तास जास्त. पण पाटी नीट बघितली तर एक सोपी वाट तिच्यातच आहे. १८:०० नंतर मर्यादा नाही आणि मर्यादा दोन तासांची आहे. म्हणून १५:३० उलटून गेल्यावर आलात की पुढचा अर्धा तास १६:००, आणि दोन तास संपतात बरोबर १८:०० ला. तिथून पुढं सोमवारी सकाळी ८ पर्यंत गाडीला कोणी हात लावत नाही. मी त्याला लिहिलं, "जेवाले नको, चारच्या सुमारास चाहाले जाय, अन् रात्री जेवूनच ये." मित्राची बायको दुपारचं रांधून बसली होती, त्यामुळं हा सल्ला फारसा आवडला नाही. शेवटी तो जेवून दोनच्या आत खाली आला आणि गाडी जवळच्या पैसे देऊन लावायच्या बहुमजली पार्किंगमध्ये नेली.

पाटीवर चकतीच्या चित्राऐवजी पार्कशाइन लिहिलेलं असेल, तर मशीनमधून पावती काढून काचेआड ठेवायची. मशीन बंद असली तर पार्किंग फुकट होत नाही. अशा वेळी हीच निळी चकती लावायची आणि पाटीवर असेल तेवढ्याच जास्तीत जास्त वेळेपुरतं थांबायचं. म्हणून चकती गाडीत कायम ठेवावी.

शेवटची ओळ: अपवाद कुणाला

सातबारा बघताना ज्यानं इतर अधिकाराचा रकाना वाचला नाही तो पुढं कोर्टात हिंडतो. पाटीची शेवटची पांढरी ओळ तसा रकाना आहे. आपल्या फोटोत ती सांगते, की ३ क्रमांकाचा रहिवासी पास असलेल्यांना वरची मर्यादा लागू नाही. शेवटी आलेला फ्राय हा शब्द "फुकट" म्हणून वाचू नका. इथं त्याचा अर्थ "यांना मोकळीक" एवढाच.

मित्र त्याच इमारतीत राहतो, म्हणून आपल्यालाही मोकळीक असेल, असं मुलानं विचारलं होतं. नाही. हा पास माणसाला नाही, त्याच्या गाडीच्या नंबरला दिलेला असतो. आणि क्रमांक ३ चा पास ३ च्याच भागात चालतो, शेजारच्या ४ मध्ये नाही. काही शहरांत रहिवाशाला पाहुण्यासाठी एका दिवसाचा पास काढून देता येतो. पाहुणा म्हणून जाणार असाल तर यजमानाला आदल्या दिवशी विचारावं.

दुसऱ्या दोन अपवादांत मात्र उलटं असतं: तिथं जागाच त्यांची, बाकी सगळ्यांना बंद. P खाली चाकाच्या खुर्चीचं चित्र असेल तर ती जागा अपंगांच्या निळ्या युरोपियन कार्डाशिवाय वापरायची नाही. P खाली गाडी आणि प्लगचं चित्र असेल तर ती वीजगाडीची. तिथं पुष्कळदा "चार्जिंग चालू असताना" अशीही अट असते. दोन्ही ठिकाणी दंड ५५ युरो, आणि गाडी उचलून नेली तर त्याचा खर्च वेगळा.

बाण आणि गल्लीचं तोंड

आता तो पलीकडून काढलेला फोटो. बंदीच्या गोल पाटीत आडवा पांढरा बाण असतो. बाण रस्त्याकडं तोंड करून असेल तर बंदी तिथून सुरू होते. रस्त्यापासून दूर, फुटपाथकडं तोंड असेल तर तिथं संपते. दोन्हीकडं टोकं असतील तर तुम्ही मधेच आहात. जवळून काढलेल्या फोटोत बाण डावीकडं की उजवीकडं एवढं दिसतं, पण रस्ता कोणत्या बाजूला आहे तेच दिसत नसेल तर बाणाचा अर्थ लावता येत नाही. म्हणून दुसरा फोटो. बंदी फक्त पाटी ज्या बाजूला आहे त्याच बाजूला असते, आणि त्या बाजूचा पुढचा चौक किंवा फाटा येईपर्यंत चालते, किंवा मधे दुसरी पार्किंगची पाटी लागेपर्यंत.

फोटोत खांबच नसेल आणि पोरगा म्हणत असेल "अठी काहीच पाटी नाही भाऊ", तर मी जास्त सावध होतो. गल्लीच्या तोंडाशी पांढऱ्या चौकोनी पाटीवर झोन लिहिलेलं असलं की तो नियम आतल्या सगळ्या गल्ल्यांना लागतो, पुढं पुन्हा पाटी लावत नाहीत. झोन संपल्याची पाटी करड्या रंगाची असते, तिच्यावर तिरक्या रेघा असतात. ती दिसली नाही तोवर आपण आतच आहोत असं धरायचं. विचारायचा प्रश्न म्हणजे, "गल्लीत शिरताना कोपऱ्यावर काय होतं?"

आणि काही गोष्टी कोणत्याच पाटीवर नसतात. चौकाच्या कोपऱ्यापासून पाच मीटरच्या आत गाडी लावायची नाही, आणि शेजारी सायकलचा वेगळा मार्ग बांधलेला असेल तर आठ मीटर. पाच मीटर म्हणजे साधारण एका गाडीची लांबी आणि वर थोडं. कोणाच्या फाटकासमोरही नाही. पाटी बरोबर वाचूनही दंड येतो तो बहुतेक यातल्या एकामुळं.

दंड पाटीवर लिहिलेला नसतो

जर्मनीत पार्किंगचा दंड गावागणिक बदलत नाही. देशभर एकच दरपत्रक आहे, आणि ९ नोव्हेंबर २०२१ पासून त्यातले आकडे बरेच वाढले. चकती नसणं, पावती नसणं किंवा वेळ ओलांडणं, तिन्ही एकाच खान्यात येतात. अर्ध्या तासापर्यंत २० युरो, एक तासापर्यंत २५, दोन तासांपर्यंत ३०, तीन तासांपर्यंत ३५, त्यापुढं ४०. युरो हल्ली शंभर रुपयांच्या आसपास फिरतो, त्यामुळं हिशेब तोंडी करता येतो.

आपल्या उदाहरणात १४:०० ला मुभा संपत होती. मुलगा खाली आलाच नसता आणि निरीक्षकानं १५:१० ला गाडी बघितली असती, तर ७० मिनिटं जास्त, म्हणजे ३० युरो. १६:२० ला बघितली असती तर १४० मिनिटं, ३५ युरो. एका रेघेच्या गोल पाटीखाली गुरुवारी सकाळी गाडी सापडली असती तर २५, आणि कुणाला अडथळा झाला असता किंवा तासापेक्षा जास्त झालं असतं तर ४०. म्हणून हिशेब करताना तीन गोष्टी लागतात: कोणती पाटी मोडली, किती वेळ, आणि कुणाची वाट अडली का.

५५ युरोपर्यंतचा दंड म्हणजे ताकीद-दंड. त्यानं लायसन्सवर गुण चढत नाहीत. काचेवर चिठ्ठी मिळते किंवा घरी पत्र येतं, आणि एका आठवड्यात पैसे भरले की प्रकरण तिथंच संपतं. पत्र जर्मनमध्ये असतं म्हणून ते ड्रॉवरमध्ये टाकून देणारे असतात. तसं करू नका. वेळेत भरलं नाही तर पुढं दंडाचा औपचारिक आदेश येतो, आणि त्यात किमान २५ युरो फी आणि साडेतीन युरो टपाल खर्च वर लागतो. २० चे साडेअठ्ठेचाळीस होतात. त्या आदेशाला हरकत घ्यायला दोन आठवडे असतात. गाडी भाड्याची असेल तर पत्र आधी गाडीच्या मालक कंपनीकडं जातं, आणि ती आपली कामाची फी वेगळी कापते.

हरकत घ्यायची की नाही, हे ठरवायला तो पहिला फोटो कामी येतो. पत्रावर तारीख, गल्ली, गाडीचा नंबर आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत हे लिहिलेलं असतं. फोटोतली पाटी झाडाच्या फांदीआड किंवा बर्फानं झाकलेली दिसत असेल, चकती काचेआड बरोबर लावलेली फोटोत असेल, किंवा पत्रातली तारीख सुट्टीची निघत असेल आणि पाटीवर वेर्कटाग्स असेल, तर लिहिण्यात अर्थ आहे. "मला जर्मन येत नव्हतं" हे कारण चालत नाही.

गावी यायच्या आधी

दिवाळीला तीन आठवड्यांसाठी गावी येणारे गाडी घरासमोर, मर्यादा नसलेल्या जागी लावून येतात आणि निर्धास्त होतात. पण तिकडं कुणाचं घर बदलायचं असलं, रस्ता खणायचा असला, की पायावर उभ्या केलेल्या तात्पुरत्या बंदीच्या पाट्या मांडतात, वर तारीख आणि वेळ लिहून. तुम्ही गाडी लावली तेव्हा त्या नव्हत्या, तरी त्या तुम्हाला लागू होतात. मे २०१८ मध्ये लायपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयापुढं असंच प्रकरण आलं. ड्युसेलडॉर्फमध्ये एक बाई गाडी रस्त्यावर कायदेशीर लावून सुट्टीला गेली, मागं पाट्या लागल्या आणि गाडी उचलली गेली. न्यायालयानं सांगितलं, की पाटी लागल्यावर पूर्ण तीन दिवस जायला हवेत. चौथ्या दिवसापासून उचलण्याचा खर्च गाडीवाल्याचा. तिच्या बाबतीत तीन पूर्ण दिवस गेले नव्हते, म्हणून ती सुटली.

त्यामुळं येताना गाडीची किल्ली तिथल्या ओळखीच्या माणसाकडं ठेवायची आणि त्याला दर तिसऱ्या दिवशी गल्लीत एक चक्कर मारून खांबांचे फोटो पाठवायला सांगायचं. तात्पुरती पाटी दिसली की तिच्यावरची तारीख, वेळ आणि बाण बघून त्यानंच गाडी पुढच्या चौकापलीकडं नेऊन लावावी, आणि नव्या जागेचे दोन्ही फोटो पुन्हा पाठवावेत.